आठवडा एक, प्रकरणे पाच : कॅल्क्युलसच्या उजळणीचा हिशेब

कॅडेट मित्रांनो, सीबीएसईच्या बारावीच्या गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि त्यातले ३५ गुण एकट्या कॅल्क्युलसचे असतात. दुसरा कोणताही विभाग याच्या जवळपास येत नाही. व्हेक्टर आणि त्रिमितीय भूमिती मिळून १४ गुण, अल्जिब्रा १०. म्हणून शेवटच्या आठवड्यात बहुतेक जण कॅल्क्युलस काढून बसतात, आणि इथेच दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. एक जण ज्या प्रकरणाला जास्त गुण आहेत तेच पुन्हा पुन्हा करतो, मग ते त्याला येत असले तरी. दुसरा जे सर्वांत कच्चे आहे त्यातच आठवडा घालवतो, मग त्यावर चारच गुण असले तरी. दोघांचेही तास वाया जातात. या लेखात या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा ते एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, आपला एक कॅडेट तयारीच्या सुट्टीत भिलाईला, मरोदा सेक्टरमधल्या घरी आला आहे. परीक्षेला सात दिवस आहेत. बाकीच्या विभागांना आणि विषयांनाही वेळ हवा, म्हणून कॅल्क्युलससाठी त्याने पहिले सहा दिवस रोज तीन तास आणि सातव्या दिवशी दीड तास ठेवला आहे. एकूण साडेएकोणीस तास. हे तास कसे वाटायचे?

आधी चाचणी, मग वेळापत्रक

पहिल्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी एक चाचणी द्यायची. एखाद्या सराव प्रश्नपत्रिकेतले फक्त कॅल्क्युलसचे ३५ गुणांचे प्रश्न निवडायचे. पूर्ण पेपरला १८० मिनिटे असतात, त्या प्रमाणात ३५ गुणांना ८० मिनिटे येतात. घड्याळ लावून, वही बंद ठेवून सोडवायचे. मग ४० मिनिटे तपासणीला. तपासताना बोर्डाच्या गुणदान पद्धतीप्रमाणे पायरीपायरीला गुण द्यायचे. उत्तर चुकले म्हणून सगळे गुण कापायचे नाहीत, आणि उत्तर बरोबर आले म्हणून सुटलेल्या पायरीकडे डोळेझाकही करायची नाही.

आपल्या कॅडेटच्या चाचणीचा निकाल असा आला असे धरू:

- कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएशन : ८ पैकी २ गुण गेले
- डेरिव्हेटिव्हचे उपयोग : ९ पैकी ४ गेले
- इंटिग्रेशन : ९ पैकी ५ गेले
- इंटिग्रलचे उपयोग (क्षेत्रफळ) : ४ पैकी १ गेला
- डिफरन्शियल इक्वेशन : ५ पैकी ४ गेले

एकूण १६ गुण गेले, १९ मिळाले. प्रकरणांमधली गुणांची ही विभागणी या एका पत्रिकेची आहे. बोर्ड ३५ हा आकडा विभागाचा म्हणून देते, प्रकरणागणिक वाटणी पेपरनुसार थोडी बदलते. म्हणून आपली मोजणी करताना दोन-तीन वर्षांचे पेपर समोर ठेवलेले बरे.

आता या यादीकडे पाहा. फक्त कच्चेपणा पाहिला तर डिफरन्शियल इक्वेशन सर्वांत वर येते, कारण पाचातले चार गेले. फक्त वजन पाहिले तर इंटिग्रेशन आणि डेरिव्हेटिव्हचे उपयोग बरोबरीने वर येतात. पण परत मिळवायचे आहेत ते गेलेले गुण. प्रकरणाचे वजन आणि त्यातला आपला कच्चेपणा यांचा गुणाकार म्हणजेच गेलेले गुण. म्हणून तास वाटायचे ते त्या रांगेतल्या ५, ४, ४, २, १ या आकड्यांवरून.

तासांची वाटणी

साडेएकोणीस तासांतून दोन चाचण्यांचे चार तास (एक पहिल्या दिवशी, एक सहाव्या) आणि शेवटच्या दिवसाचा दीड तास वजा करू. उरतात १४ तास. त्यातून प्रत्येक प्रकरणाला आधी एकेक तास द्यायचा, येत असलेल्या प्रकरणालाही. कारण आठ दिवस हात न लावलेले प्रकरण परीक्षेत ऐन वेळी अडखळवते. हे पाच तास झाले. उरलेले नऊ तास गेलेल्या गुणांच्या प्रमाणात वाटायचे. इंटिग्रेशनचे गेलेले गुण १६ पैकी ५, म्हणजे नऊ तासांपैकी सुमारे पावणेतीन तास. बाकीच्यांचे असेच काढून, पहिला एक तास मिळवून आणि अर्ध्या तासाच्या जवळपास आणून आकडे असे येतात:

- इंटिग्रेशन : ४ तास
- डेरिव्हेटिव्हचे उपयोग : ३ तास
- डिफरन्शियल इक्वेशन : ३ तास
- कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएशन : २ तास
- क्षेत्रफळ : दीड तास
- राखीव : अर्धा तास

ही बेरीज १४ होते. राखीव अर्धा तास कुणालाही आधीच द्यायचा नाही, तो सहाव्या दिवशी कामाला येतो.

गुण कसे गेले, ते तीन रकान्यांत लिहा

किती वेळ द्यायचा ते ठरले, पण त्या वेळात काय करायचे हे चुकीच्या जातीवर अवलंबून असते. तपासणी करताना प्रत्येक गेलेल्या गुणापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: ‘माहीत नव्हते’, ‘ओळखले नाही’ किंवा ‘हात घसरला’. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

‘माहीत नव्हते’ हा शेरा आपल्या कॅडेटला डिफरन्शियल इक्वेशनमध्ये मिळाला. तीन गुणांचा प्रश्न असा होता:

x dy/dx + 2y = x²

हे लिनियर समीकरण आहे हे त्याला कळले, पण त्याने P च्या जागी 2 धरून इंटिग्रेटिंग फॅक्टर e^(2x) काढला. सूत्र लागू करण्याआधी dy/dx एकटे ठेवावे लागते, ही पायरी त्याला ठाऊकच नव्हती. आधी सगळ्याला x ने भागले की:

dy/dx + (2/x) y = x

आता P = 2/x, त्याचे इंटिग्रेशन 2 log x, म्हणून इंटिग्रेटिंग फॅक्टर x². मग y · x² = ∫ x³ dx = x⁴/4 + C, म्हणजे y = x²/4 + C/x². उत्तर बरोबर आहे का, हे मागचे पान न उलगडता कळते. या y चा डेरिव्हेटिव्ह x/2 − 2C/x³ आहे. मूळ समीकरणात घातला की पहिल्या पदातून x²/2 − 2C/x² येते, दुसऱ्यातून x²/2 + 2C/x², आणि बेरीज x². पडताळणीला एक मिनिट लागते, आणि C योग्य जागी आहे की शेवटी चिकटवला आहे हेही तिथेच उघडे पडते.

अशा चुकीचा इलाज म्हणजे पद्धत एकदा नीट समजून घेणे आणि मग वही बंद करून तशीच तीन गणिते सोडवणे. बारावीत या प्रकरणातली सोडवायची समीकरणे मुख्यतः तीन जातींची असतात: व्हेरिएबल वेगळे करता येणारी, होमोजीनियस आणि लिनियर. म्हणून इथे तीन तासांत चार गुण परत मिळणे शक्य असते.

‘ओळखले नाही’ हा शेरा इंटिग्रेशनमध्ये सर्वांत जास्त मिळतो. हा प्रश्न पाहा:

∫ sin x / (sin x + cos x) dx, 0 पासून π/2 पर्यंत

कॅडेटने सब्स्टिट्यूशन करून पाहिले, पान भरले, उत्तर आले नाही. x च्या जागी π/2 − x घालण्याचा गुणधर्म त्याला पाठ होता, पण तो इथे वापरायचा हे सुचले नाही. तो वापरला की वर cos x येतो, खालचा भाग तसाच राहतो, दोन्ही रूपांची बेरीज केली की आत फक्त 1 उरतो आणि उत्तर π/4. तीन ओळींचे काम आहे.

अशा चुकीवर आणखी वीस गणिते एकाच पद्धतीने सोडवून फायदा होत नाही. ‘पार्शल फ्रॅक्शन’ असे शीर्षक असलेल्या स्वाध्यायात कोणती पद्धत लावायची हे शीर्षकच सांगून टाकते, आणि परीक्षेत शीर्षक नसते. म्हणून दिसायला सारखी पण जातीने वेगळी गणिते शेजारी शेजारी ठेवायची. उदाहरणार्थ ही तीन:

∫ x/(x² + 1) dx
∫ 1/(x² + 1) dx
∫ x²/(x² + 1) dx

पहिल्यात खालच्या भागाचा डेरिव्हेटिव्ह वर आहे, म्हणून ½ log(x² + 1) + C. दुसरे सरळ tan⁻¹x + C. तिसऱ्यात वरची आणि खालची घात सारखी आहे, म्हणून आधी भागाकार करायचा, मग x − tan⁻¹x + C. सराव असा करा: वीस इंटिग्रल एका कागदावर उतरवा आणि सोडवू नका. प्रत्येकापुढे फक्त पहिली चाल लिहा. पंधरा मिनिटांत वीस निर्णय होतात. चुकलेले निर्णय तेवढे मग पूर्ण सोडवा.

डेरिव्हेटिव्हच्या उपयोगात ओळखण्याचा प्रश्न शब्दांतून येतो. कॅडेटचे चार गुण एका पाच गुणांच्या प्रश्नात गेले: पोलादी पत्र्याची, चौरस तळाची, वरून उघडी टाकी ४ घनमीटर पाणी मावेल अशी बनवायची आहे, कमीत कमी पत्रा लागण्यासाठी मापे काढा. त्याने पृष्ठफळ S = x² + 4xh बरोबर लिहिले आणि तिथेच थांबला, कारण दोन अज्ञात राशी होत्या. दुसरी माहिती, x²h = 4, प्रश्नातच होती. तिच्यावरून h = 4/x² घातले की S = x² + 16/x. डेरिव्हेटिव्ह 2x − 16/x² शून्य धरला की x = 2 आणि h = 1, पत्रा १२ चौरसमीटर. दुसरा डेरिव्हेटिव्ह 2 + 32/x³ धन आहे, म्हणून हे किमान मूल्य. ही ओळ विसरली तर तिचा गुण जातो. भिलाईच्या मुलाला पोलादी प्लेट समजावून सांगावी लागत नाही, त्याचे अडते ते प्रश्नातल्या दोन वाक्यांची दोन समीकरणे करताना. म्हणून या प्रकरणाच्या पहिल्या तासात पाच-सहा शाब्दिक प्रश्न घेऊन फक्त तेवढेच करायचे: काय कमी किंवा जास्त करायचे आहे, बंधन कोणते, आणि सगळे एकाच राशीत लिहिल्यावर काय येते. पुढचे डिफरन्शिएशन त्याला येतेच.

‘हात घसरला’ हा तिसरा शेरा. कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएशनमधले दोन गुण आणि क्षेत्रफळातला एक असे गेले: चेन रूलमध्ये cos च्या डेरिव्हेटिव्हचे ऋण चिन्ह सुटले, लिमिट घालताना वजाबाकी उलटी झाली. इथे नवे काही शिकायचे नसते. आपल्या दोन-तीन ठराविक घसरणी एका चिठ्ठीवर लिहायच्या आणि प्रत्येक उत्तरानंतर तेवढ्याच तपासायच्या. सगळेच तपासू म्हणणारा परीक्षेत काहीच तपासत नाही.

सात दिवसांचा क्रम

क्रम ठरवताना एक गोष्ट सांभाळायची असते. या प्रकरणांना पायऱ्या आहेत. डिफरन्शिएशन कच्चे असेल तर त्याचे उपयोग येत नाहीत, आणि इंटिग्रेशन अडले तर डिफरन्शियल इक्वेशन आणि क्षेत्रफळ दोन्ही अडतात. म्हणून पाया आधी. शिवाय कोणतेही प्रकरण एकाच दिवशी संपवायचे नाही. एक-दोन दिवसांनी ते पुन्हा समोर आले की विसरलेले काय तेही कळते.

पहिला दिवस : चाचणी आणि तपासणी दोन तास, डिफरन्शिएशन एक तास.
दुसरा दिवस : इंटिग्रेशन दोन तास, डेरिव्हेटिव्हचे उपयोग एक तास.
तिसरा दिवस : डिफरन्शियल इक्वेशन दोन तास, इंटिग्रेशन एक तास.
चौथा दिवस : डेरिव्हेटिव्हचे उपयोग दीड तास, क्षेत्रफळ एक तास, कंटिन्युइटी अर्धा तास.
पाचवा दिवस : मिसळ सराव. डिफरन्शियल इक्वेशन एक तास, इंटिग्रेशन एक तास, डेरिव्हेटिव्हचे उपयोग आणि क्षेत्रफळ अर्धा-अर्धा तास, पण प्रश्न एकमेकांत मिसळून.
सहावा दिवस : दुसरी चाचणी आणि तपासणी दोन तास, डिफरन्शिएशन अर्धा तास, राखीव अर्धा तास.
सातवा दिवस : दीड तास. चुकांची वही, सूत्रे आणि चिठ्ठी. नवे गणित नाही.

पाचव्या दिवसाबद्दल पालकांसाठीही एक सूचना. त्या दिवशी मुलाची गणिते चौथ्या दिवसापेक्षा जास्त चुकतील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हेच दिसले होते: मिसळ सराव करणारे विद्यार्थी सरावाच्या वेळी मागे पडले, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत एकेक प्रकार वेगळा करून सराव करणाऱ्यांच्या पुढे गेले. त्या दिवशीचे गुण पाहून वेळापत्रक बदलू नका.

सहाव्या दिवशीची चाचणी सकाळी साडेदहाला ठेवा. बोर्डाचा पेपर त्याच वेळी सुरू होतो. घरात कुणी रात्रपाळी करून झोपलेले असेल तर तेवढी दीड तासाची शांतता आपोआप मिळते.

दुसऱ्या चाचणीतून काय वाचायचे

एकूण गुण वाढले की नाही, एवढेच पाहून वही मिटू नका. शेरे बदलले का ते पाहा. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये आधी ‘माहीत नव्हते’ होते आणि आता ‘हात घसरला’ झाले असेल, तर काम झाले. उरलेले चिठ्ठीवर न्या. इंटिग्रेशनमध्ये ‘ओळखले नाही’ तसेच असेल, तर राखीव अर्धा तास पहिल्या चालीच्या सरावाला द्या.

कधी कधी एखादा प्रकार हटत नाही. त्यासाठी मोजमाप आधीच ठरवा: पद्धत शिकून दोन तास झाले आणि बंद वहीने तीनपैकी एकही गणित सुटले नाही, तर त्या आठवड्यापुरते ते थांबवा. उरलेला वेळ यादीतल्या पुढच्या प्रकरणाला द्या. पेपरमध्ये काही प्रश्नांना पर्याय असतो, आणि न येणाऱ्या प्रश्नातही समीकरण मांडण्याचे एक-दोन गुण मिळतात, कारण पायऱ्यांना गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. म्हणून जागा कोरी सोडू नका.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. ३५ गुणांच्या एका चाचणीत क्षेत्रफळावर एकच प्रश्न येतो. तो सोपा निघाला म्हणून प्रकरण पक्के आहे असे होत नाही. यासाठी शाळेतल्या आधीच्या दोन चाचण्यांचे पेपर जवळ ठेवा आणि तिथले शेरेही त्याच तीन रकान्यांत भरा. तिन्ही ठिकाणी सारखेच दिसले तर आकड्यांवर भरवसा ठेवा.

जे एनडीएच्या लेखी परीक्षेला बसणार आहेत त्यांनी हीच रीत वापरताना वजन बदलून घ्यावे. तिथे गणिताचे १२० वस्तुनिष्ठ प्रश्न अडीच तासांत असतात, पायऱ्यांना गुण नसतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. प्रश्नामागे सव्वा मिनिट मिळते. म्हणून तिथे ‘ओळखले नाही’ हा रकाना सर्वांत महाग पडतो. बोर्डासाठी केलेला पंधरा मिनिटांत वीस निर्णयांचा सराव तिथेही तसाच वापरता येतो.

पालकांनी घरी रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारावा: आज बंद वहीने कोणते गणित सुटले, ते दाखव. किती तास बसलास, हे विचारण्यापेक्षा यातून जास्त कळते. गणित स्वतःला येत नसले तरी चालेल. मूल प्रत्येक पायरी का केली हे न अडखळता सांगू शकले, तर ते प्रकरण त्याच्या हातात आले आहे.